गोदामवाल्याने हळद अडवली, दागिने गहाण ठेवू का?

प्रश्न: माझा मशीद बंदरला मसाल्याचा घाऊक धंदा आहे. भिवंडीच्या गोदामात हळदीची २०० पोती आहेत, प्रत्येकी ५० किलोची. तिचं आठ महिन्यांचं भाडं २४,००० झालंय. मालक म्हणतो, मागच्या वर्षीच्या मिरचीचे ६८,००० पण द्या, तरच हळद सोडतो. ती मिरची त्याच्याकडे भिजली होती, म्हणून मी ते पैसे थांबवले. दहा दिवसांत ८० पोती १४० रुपये किलोने घेणारा गिऱ्हाईक आहे. बायकोचे दागिने गहाण ठेवून पैसे उभे करू, की ३ लाखांची एफडी मोडू?

उत्तर: दागिने कपाटातच राहू द्या आणि एफडीही मोडू नका. एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. बहुतेक बँकांत त्याचा दर एफडीच्या व्याजाहून एक-दोन टक्के जास्त असतो आणि व्याज फक्त वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांचं लागतं. तारण ठेवलेला दागिना कर्ज थकलं तर वाजवी नोटीस देऊन विकता येतो. आठवड्या-दोन आठवड्यांच्या गरजेसाठी तो धोका कशाला?

पण एकदम ९२,००० भरू नका. आधी गोदामाची पावती आणि करार काढून वाचा. पोत्यामागे भाडं घेऊन माल गोदामवाल्याच्या ताब्यात असेल, तर तो बेलमेंटचा, म्हणजे दुसऱ्याचा माल सांभाळायला घेण्याचा व्यवहार. (गाळा लीव्ह-लायसन्सवर असता आणि कुलूप तुमचं असतं, तर माल तुमच्याच ताब्यात राहिला असता आणि गोष्ट वेगळी झाली असती.) माल रोखून धरण्याच्या हक्काला लिएन म्हणतात. भारतीय करार कायदा, १८७२च्या १७०व्या कलमाने तो मिळतो, पण ज्या मालावर श्रम किंवा कसब खर्च केलं त्याच मालावर, त्याच कामाच्या मोबदल्यापुरता. नुसतं सांभाळून ठेवणं त्यात बसवणं अवघड आहे, म्हणून करारात काय लिहिलंय ते महत्त्वाचं. जुन्या येण्यासाठी दुसराच माल अडवण्याचा सर्वसाधारण लिएन १७१व्या कलमात बँकर, फॅक्टर म्हणजे माल ताब्यात घेऊन विकणारे अडते, धक्केवाले, हायकोर्टाचे अ‍ॅटर्नी आणि विमा पॉलिसीचे दलाल एवढ्यांनाच दिला आहे. बाकीच्यांना तो हवा असेल तर करारात स्पष्ट लिहून घ्यावा लागतो. मिरची सोडली तेव्हाच त्या मालावरचा ताबा गेला. तेव्हा असं कलम नसेल, तर मिरचीसाठी हळद अडवता येत नाही. ते येणं उरतं, पण त्यासाठी मालकाने वसुलीचा दावा करायचा.

आता २४,००० बँकेतून पाठवा आणि त्याच दिवशी लेखी कळवा: ‘ही रक्कम फक्त हळदीच्या २०० पोत्यांच्या भाड्यापोटी.’ हे वाक्य विसरू नका. ५९व्या कलमानुसार तसं सांगून दिलेले पैसे घेणाऱ्याने त्याच खात्यात जमा करावे लागतात. काही न सांगता पाठवले, तर ६०व्या कलमाने मालक ते आधी मिरचीच्या बाकीत वळते करू शकतो आणि हळदीचं भाडं जिथल्या तिथे राहतं.

तरी माल सोडला नाही, तर निदान ८० पोती मागा. उरलेली १२० पोती याच भावाने ८,४०,००० रुपयांची होतात, मालकाला भीती कसली? मात्र त्या वेळी ‘उरलेला माल जुन्या बाकीसह सर्व येण्यासाठी राहील’ अशा कागदावर सही करू नका. आज जो हक्क त्यांच्याकडे कदाचित नाही, तो तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून द्याल.

दोन्ही फसलं आणि गिऱ्हाईक निसटायला लागला, तर ६८,०००ही भरा, पण ‘हक्क राखून, आक्षेपासह’ असं लेखी कळवून. कोर्टाचा निकाल दहा दिवसांत येत नाही आणि समोर ५,६०,००० रुपयांची विक्री आहे. मालकाला अडवण्याचा हक्कच नव्हता, तर दबावाखाली दिलेले पैसे ७२व्या कलमाखाली परत मागता येतात. भिजलेल्या मिरचीची भरपाई हा वेगळा दावा. साधारण समजूतदार माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी गोदामवाल्याने घेतली होती का, हे तिथे पाहिलं जाईल. त्यासाठी फोटो, वजनकाट्याच्या चिठ्ठ्या आणि तेव्हाचे मेसेज आताच एका फाइलमध्ये लावा.

मालक हळद विकून टाकीन म्हणत असेल, तर गोदाम डब्ल्यूडीआरए या गोदामांच्या सरकारी नियामकाकडे नोंदलेलं आहे का ते बघा. करार कायद्यातला लिएन माल धरून ठेवायला मिळतो, विकायला नाही. नोंदणीकृत गोदामाला मात्र २००७च्या वखार कायद्याने लिएन आहेच. ठरलेल्या मुदतीत माल उचलला नाही, तर नोटीस देऊन लिलावही करता येतो. तुमच्या पावतीवर साठवणुकीची मुदत कधी संपते, ते आजच बघा. मुदत जवळ आली असेल, तर २४,००० आजच पाठवा.