शेअर्स तारण ठेवून ओव्हरड्राफ्ट: मार्जिन कॉल आल्यावर सात दिवस खरंच मिळतात का?

प्रश्न: डिमॅटमध्ये २० लाखांचे शेअर्स आहेत, सगळे मोठ्या कंपन्यांचे. धायरीचा जुना फ्लॅट विकायला काढलाय, पैसे सहा-आठ महिन्यांत येतील. तोवर नव्या फ्लॅटसाठी ९ लाख हवेत. एक फायनान्स कंपनी साडेदहा टक्क्यांनी शेअर्सवर ओव्हरड्राफ्ट देतेय, मर्यादा १० लाख. बाजार पडला तर सात दिवस मिळतात असं ऐकलं, म्हणजे सावरायला वेळ आहे ना?

उत्तर:

त्या सात दिवसांच्या भरवशावर राहू नका. २०१४ साली रिझर्व्ह बँकेने फायनान्स कंपन्यांवर बंधन घातलं, की शेअर्सवरचं कर्ज तारणाच्या बाजारभावाच्या ५० टक्क्यांच्या आत राहिलं पाहिजे आणि भाव पडून तूट आली तर ती कामकाजाच्या सात दिवसांत भरून निघाली पाहिजे. हे बंधन कंपनीवर आहे. तिने यापेक्षा जास्त ढील द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुम्हाला पूर्ण सात दिवस मिळतीलच, असं त्यात कुठे नाही. तुमचे दिवस तुम्ही सही कराल त्या करारात ठरतात, आणि त्यात बहुतेक वेळा दुसरी एक रेषा असते: कर्ज तारणाच्या अमुक टक्क्यांवर गेलं की कंपनी लगेच विकू शकते.

हे मी पैसे देऊन शिकलो आहे. २०२० च्या जानेवारीत माझे १२ लाखांचे शेअर्स तारण होते आणि ५ लाख उचललेले होते. ९ मार्चला पुण्यात कोरोनाचे पहिले दोन रुग्ण सापडले, त्याच सोमवारी सेन्सेक्स १,९०० अंकांहून जास्त पडला. १२ मार्चला माझं तारण ९ लाख ३० हजारांवर आलं होतं. त्याच्या निम्मे ४ लाख ६५ हजार, म्हणजे तूट फक्त ३५ हजारांची. संध्याकाळी तूट भरा असा ईमेल, म्हणजेच मार्जिन कॉल, आला. तो जाहिरातींच्या ढिगात गेला, आणि एसएमएस गेला बंद पडलेल्या जुन्या नंबरवर. १९ मार्चला तारण ७ लाख ६० हजारांवर उतरलं आणि कर्ज ६५ टक्क्यांच्या वर गेलं. माझ्या करारात दुसरी रेषा नेमकी तीच होती. ईमेल येऊन कामकाजाचे पाचच दिवस झाले होते. त्यांनी २ लाख ४० हजारांचे शेअर्स विकले. ३५ हजार तर माझ्या बचत खात्यात पडून होते.

आता तूट ३५ हजारांवरून वाढली हे कळतं, पण विक्री एवढी मोठी का? इथे बहुतेकांचा हिशेब चुकतो, म्हणून तुमचेच आकडे घेतो. समजा २० लाखांचे १५ लाख झाले आणि कर्ज ९ लाख आहे. मर्यादा साडेसात लाखांवर आली, तूट दीड लाख. तुम्ही रोख भरलीत तर दीड लाखात भागतं. कंपनीने शेअर्स विकले तर मात्र कर्जाबरोबर तारणही घटतं. दीड लाखाचे विकले तर साडेतेरा लाखांच्या तारणावर साडेसात लाखांचं कर्ज उरतं, म्हणजे अजूनही निम्म्याच्या वर. तीन लाखांचे विकले तेव्हा कुठे १२ लाखांवर ६ लाख असा मेळ बसतो. नवे शेअर्स तारणात घालायचे म्हटलं तरी तीनच लाखांचे लागतात. थोडक्यात, रोखीत जेवढी तूट, शेअर्सच्या रूपात त्याच्या दुप्पट. शिवाय विक्रीनंतर तुम्ही परत काठावरच उभे राहता, दुसऱ्या दिवशी बाजार आणखी दोन टक्के पडला की पुन्हा फोन.

तुमच्या बेतातली खरी अडचण ही आहे, की ९ लाख उचललेत तर पहिला कॉल यायला १० टक्के घसरण पुरते. व्याज दरमहा साधारण ७,८७५ रुपये होईल. ते वेगळं न भरता खात्यालाच लागू दिलंत तर सहा महिन्यांत कर्ज साडेनऊ लाखांच्या जवळ जातं, आणि मग पाच-सव्वापाच टक्के घसरणही पुरते. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालाच्या दिवशी, निफ्टी एका दिवसात जवळपास ६ टक्के पडला होता. २०२० च्या जानेवारीतल्या शिखरापासून २३ मार्चपर्यंत तो सुमारे ३८ टक्के पडला, आणि तेही जेमतेम दोन महिन्यांत. फ्लॅटच्या व्यवहाराचं तुम्हाला माहीतच आहे, सहा-आठ महिने म्हणता म्हणता वर्ष जातं.

आणखी एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. तारण ठेवणं म्हणजे विक्री नव्हे, त्यामुळे त्यावर कर नाही. पण कंपनीने विकले की ती तुमची विक्री धरली जाते. पैसे त्यांच्याकडे गेले तरी भांडवली नफ्यावरचा कर तुम्हीच भरायचा. जुन्या, स्वस्तात घेतलेल्या शेअर्सवर तो चांगलाच बसतो.

डिमॅटमधले शेअर्स सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून ‘प्लेज इन्व्होक झाला’, म्हणजे कंपनीने तारणावरचा हक्क बजावला, असा मेसेज आला तरी हातपाय गाळू नका. शेअर्स कंपनीच्या डिमॅटमध्ये गेले म्हणजे विकले गेले असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये पीटीसी इंडिया फायनान्शियलच्या खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. प्रत्यक्ष विक्रीआधी करार कायद्याच्या कलम १७६ प्रमाणे वाजवी नोटीस द्यावी लागते, आणि विक्री होईपर्यंत कर्ज फेडून शेअर्स सोडवून घेण्याचा हक्क तुमच्याकडे राहतो. मात्र पडत्या बाजारात ही फट काही तासांचीही असू शकते, तेव्हा पैसे आधीच हाताशी हवेत.

तुमच्या जागी मी असतो तर ९ लाख उचललेच नसते. ३ लाखांचे शेअर्स आज स्वतः विकले असते, वर्षाहून जास्त ठेवलेले आणि ज्यांवर नफा कमी आहे असे निवडून. दीर्घ मुदतीचा नफा वर्षाला सव्वा लाखापर्यंत करमुक्त असतो, त्यामुळे कर बहुधा लागणारच नाही. उरलेले १७ लाख तारण आणि कर्ज ६ लाख. आता पहिला कॉल यायला तारण १२ लाखांपर्यंत, म्हणजे २९ टक्के पडावं लागेल. २०२० सारखी ३८ टक्के घसरण आली तरी तूट साधारण ७३ हजारांची होते. त्यासाठी लाखभराची एफडी बाजूला ठेवा, हवी तेव्हा मोडता येईल अशी, आणि तिला फ्लॅटच्या खर्चात धरू नका. दरमहाचं ५,२५० रुपये व्याज पगारातून भरा.

सही करण्याआधी करारातली दुसरी रेषा किती टक्क्यांवर आहे ते लेखी विचारा. तुमचे शेअर्स त्यांच्या मान्य यादीतून निघाले तर किती दिवस मिळतात, हेही विचारा, कारण तसं झालं की भाव न पडताही तूट येते. मोबाईल नंबर कंपनीकडे आणि डिमॅटमध्ये, दोन्हीकडे तपासा. मी घरी बायकोचा नंबरही दुसरा संपर्क म्हणून देऊन ठेवला आहे. आणि दर शुक्रवारी बाजार बंद झाल्यावर कर्ज भागिले तारण एवढा एकच हिशेब करा. आकडा ४५ टक्क्यांवर गेला की त्यांच्या फोनची वाट न बघता सोमवारी थोडी रक्कम भरून टाका.