नॉनस्टिक तवा, लाकडी लाटणं आणि सुऱ्या डिशवॉशरमध्ये घातल्या तर नक्की काय बिघडतं?

प्रश्न: नवीन डिशवॉशर घेतलाय. नॉनस्टिक तवा, पोळपाट-लाटणं आणि चांगल्या सुऱ्या आत घालू नका असं सगळे सांगतात. पण तव्याच्या खोक्यावर तर ‘डिशवॉशरमध्ये चालेल’ असं छापलंय. मग खरंच काही बिघडतं का?

उत्तर:

बिघडतं, पण पहिल्या आठवड्यात नाही. म्हणूनच माणूस फसतो. मीही खोक्यावर विश्वास ठेवून डोशाचा नॉनस्टिक तवा चार महिने रोज आत घातला होता.

आधी हे लक्षात घ्या की डिशवॉशरची पावडर म्हणजे आपला सिंकवरचा भांड्यांचा साबण नव्हे. हाताने भांडी घासायचा साबण बराच सौम्य असतो. या पावडरीत मात्र धुण्याचा सोडा असतो, म्हणजे ती चांगलीच अल्कधर्मी असते. आत घासायला हात नसल्यामुळे तेलकटपणा तोडायचं काम तिलाच करायचं असतं. त्यात ५०-६० अंशांचं पाणी आणि दोन-तीन तासांचा वेळ. आपण तवा दोन मिनिटांत धुऊन पालथा घालतो, इथे तो तासन् तास सोड्याच्या गरम पाण्याचा मारा खातो.

बहुतेक नॉनस्टिक तवे आतून ॲल्युमिनियमचे असतात. ॲल्युमिनियमवर ऑक्साईडचा एक पातळ थर आपोआप तयार होतो आणि तोच धातूला जपतो. सोडा हा थर विरघळवतो. वरच्या काळ्या लेपाला सोडा थेट काही करत नाही, त्यामुळे तव्याचा मधला भाग बरेच दिवस छान दिसतो. खराबी सुरू होते ती जिथे धातू उघडा असतो तिथे: काठावर, मुठीच्या रिव्हेटांपाशी, उलथन्याने पडलेल्या चऱ्यात. तिथून पाणी लेपाखाली शिरतं, खालचा धातू खातं आणि लेप सुटायला लागतो. माझ्या तव्याचा आधी तळ राखाडी झाला, मग मुठीजवळ बारीक फोड आले, आणि डोसा नेमका तिथेच चिकटायला लागला. ओलं पांढरं फडकं तव्याच्या तळावर घासून बघा. फडकं काळं झालं तर धातू झिजायला लागलाय असं समजा.

ॲल्युमिनियमचा कुकर आणि कढई यांचीही हीच गत. साधं ॲल्युमिनियम काळवंडलं असेल तर चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी भांड्यात १०-१५ मिनिटं उकळा, बराचसा काळेपणा जातो. हार्ड ॲनोडाइज्ड भांड्याचा काळा थर मात्र एकदा पांढुरका पडला की परत येत नाही. खोक्यावरच्या ‘चालेल’चा अर्थ मी एवढाच घेते की कधीमधी गेला तर लगेच फुटणार नाही.

लाकडाचं दुखणं वेगळं. लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं आणि शेवटी मशीनच्या कोरड्या उष्णतेत झपाट्याने आकसतं. वरचा थर आधी सुकतो, आतला ओलाच राहतो, आणि या ओढाताणीत रेषेच्या दिशेने चीर पडते. पोळपाट तडकलं की दिसतं तरी. लाटणं मात्र गुपचूप वाकतं. पोळी एका बाजूला जाड राहायला लागली तर आपला हात बिघडला असं वाटतं (मला वाटलं होतं, आणि सासूबाईंनाही!). लाटणं ओट्यावर ठेवून हळूच घरंगळवा. खाली उजेडाची फट दिसली किंवा ते डुगडुगलं तर दोष हाताचा नाही. शिवाय सोड्याने लाकडातलं मुरलेलं तेल निघून जातं आणि बारीक कुसळं वर येतात. रवी, लाकडी डाव, भाजी चिरायचा पाट, सगळ्यांना हेच लागू.

सुऱ्यांबद्दल थोडक्यात सांगते. पाण्याच्या फवाऱ्याने सुरी हलते, शेजारच्या ताटल्यांवर आपटते आणि धार बोथट होते. चांगल्या सुरीची धार पातळ आणि कडक पोलादाची असल्याने तिचे बारीक टवकेही उडू शकतात. उष्टं, खारट आणि ओलं वातावरण तासभर मिळालं की पात्यावर गंजाचे ठिपके येतात, आणि लाकडी मूठ असेल तर ती रिव्हेटांपाशी सैल होते. साधी पन्नास-शंभर रुपयांची दातेरी सुरी खुशाल घाला, टोक खाली करून. विळी मात्र नको.

बिडाचा तवाही बाहेरच ठेवा. महिनोन् महिने तेल मुरवून बसवलेला थर एका धुण्यात निघू शकतो आणि दार उघडेपर्यंत तांबूस गंज दिसतो. तसं झालंच तर तवा खसखसून घासा, गॅसवर कडकडीत सुकवा, तेलाचं अगदी पातळ बोट फिरवा आणि धूर येईपर्यंत तापवा. दोन-तीनदा असं केलं की तो पुन्हा कामाला येतो. लेप सुटलेला नॉनस्टिक मात्र दुरुस्त होत नाही. माझा मी भंगारात दिला.