तोच कागद, चार वेळा तपासलेला

“मॅडम, मुलगी हुशार आहे. पण एकेक गणित चार-चार वेळा तपासते. शेवटचा प्रश्न वेळेअभावी राहतो आणि तपासलेल्यातही चूक निघतेच. आता तर घरी वही मिटवायलाच तयार नसते. ‘तपासू नकोस’ म्हणावं की ‘अजून नीट तपास’ म्हणावं?”

सहामाही परीक्षेचे पेपर हातात पडले की सोलापुरातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न येतोच. कधी आई विचारते, कधी वडील, कधी मूल स्वतः. मी दोन्हींपैकी एकही सल्ला देत नाही. का देत नाही, ते एका मुलीच्या गोष्टीतून सांगते. ती दहावीत होती, शाळेच्या गणित मंडळाची कॅप्टन होती. इथे तिला कॅप्टनच म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत.

वडील पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात हिशेब लिहितात. पहिल्या दिवशी तेच जास्त बोलले. ती मांडीवर वही घेऊन बसली होती. 22 डिसेंबरला, रामानुजन यांच्या जन्मदिनी, शाळेत गणित दिवस असतो आणि कॅप्टन म्हणून तिला भाषण करायचं होतं. विषय सरांनी दिलेला: ‘उत्तर का तपासावे’. ती म्हणाली, “मी कोणत्या तोंडाने बोलू? माझंच तपासून चुकतं.”

मी म्हटलं, “चुकलेलं एक गणित दाखव.”

गणित संभाव्यतेचं होतं. दोन फासे एकदम टाकले, तर किमान एकावर सहा येण्याची संभाव्यता किती? तिने लिहिलं होतं: पहिल्या फाशावर सहा येण्याच्या 6 जोड्या, दुसऱ्यावर सहा येण्याच्या 6 जोड्या, एकूण 12. म्हणून उत्तर 12/36. बाजूला पेन्सिलीने बरोबरच्या चार बारीक खुणा होत्या.

“चारदा तपासलंस. तपासलंस म्हणजे काय केलंस?”

“परत पहिल्या ओळीपासून वाचलं. सहा अधिक सहा बारा. बरोबरच येतं ना.”

“चौथ्या वेळेला पहिल्यापेक्षा जास्त खात्री वाटली?”

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “नाही. उलट कमी.”

हे उत्तर मला ओळखीचं आहे. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या दोन संशोधकांनी याच गोष्टीचा प्रयोग केला होता. संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवायची आणि ती बंद झाली का हे लोकांना पुन्हा पुन्हा तपासायला लावायचं. शेवटी विचारल्यावर लोकांना आठवत होतं ते बरोबरच होतं. पण त्या आठवणीवरचा त्यांचा विश्वास कमी झाला होता, चित्र धूसर झालं होतं. नजर त्याच ओळींवरून पाचव्यांदा फिरते तेव्हा मन काही पाहतच नसतं, फक्त फिरत असतं. म्हणून ‘अजून नीट तपास’ हा सल्ला मला घातक वाटतो. ‘तपासू नकोस’ हाही चालत नाही, कारण मुलीची शंका रास्त होती. उत्तर खरंच चुकलं होतं!

पुढच्या दोन भेटी आम्ही झोप, वेळ, परीक्षेतली धडधड यांवर घालवल्या. उपयोग झाला, पण थोडाच. खरी गाठ सुटली ती चौथ्या भेटीत, आणि तीही वडिलांच्या एका शब्दामुळे. मी त्यांना सहज विचारलं होतं, तुम्ही हिशेब कसा तपासता? ते म्हणाले, “वाचून नाही तपासत मॅडम. ताळा घेतो. आडव्या बेरजा एकदा, उभ्या बेरजा एकदा. दोन्ही टोकं जुळली की वही बंद.”

वही बंद! मी तिच्याकडे वळले आणि म्हटलं, “फाशाच्या गणिताचा ताळा घे. तुझ्या आधीच्या ओळी झाक. सहा न येण्याच्या जोड्या मोज.”

तिने लिहिलं. पहिल्या फाशावर सहा सोडून 5 अंक, दुसऱ्यावरही 5, म्हणजे 25 जोड्या. 36 मधून 25 गेले. राहिले 11.

तिने हात बाजूला केला. वर 12, खाली 11.

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प राहणं मी वर्षानुवर्षं शिकले आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. वडील पुढे सरसावले होते, त्यांनाही हातानेच थांबवलं. तिने दोन्ही आकड्यांकडे पाहिलं. मग स्वतःशीच पुटपुटली, “एकचाच फरक आहे. म्हणजे एक जोडी कुठेतरी जास्त आली.” तिने जोड्या मांडायला सुरुवात केली. एक-सहा, दोन-सहा… सहा-सहाशी येऊन पेन थांबलं.

“ही दोन्हीकडे मोजली! पहिल्या सहातही आणि दुसऱ्या सहातही!”

ती हसत होती. चूक सापडल्यावर हसणारी ती मला पहिल्यांदाच दिसली. त्या क्षणी मला जे कळलं ते मी आता जवळजवळ प्रत्येक पालकाला सांगते. तिला भीती चूक होण्याची नव्हती. भीती न संपणाऱ्या तपासण्याची होती. तीच रीत पुन्हा वाचण्याला शेवट नसतो, कारण ती ‘नाही’ म्हणूच शकत नाही: दुहेरी मोजलेली जोडी चारही वेळा दुहेरीच मोजली जाते. दुसरी रीत मात्र ‘नाही’ म्हणू शकते. म्हणूनच ती ‘हो’ म्हणते तेव्हा मन ते ऐकतं. आणि ती ‘नाही’ म्हणते तेव्हा किती फरकाने म्हणते, यातून चूक कुठे दडली आहे तेही सांगते. आम्ही समुपदेशक एरवी विश्वास आतून यावा म्हणतो. माझा अनुभव असा की अशा मुलांचा विश्वास आधी हातांतून येतो, मग आत जातो.

पुढच्या आठवड्यात ती उत्साहाने नऊचा ताळा घेऊन आली. 389 रुपयांच्या 47 चादरी, किंमत 18,283. अंकांची बेरीज एक अंक उरेपर्यंत करायची: 47 चे उरतात 2, 389 चेही 2, गुणाकार 4, आणि 18283 चेही उरतात 4. जुळलं. तेव्हा वडिलांनी तिला थांबवलं. त्यांनी शेजारी 18,823 लिहिलं आणि म्हणाले, “याचा घे.” तिथेही 4 उरले. आकडे उलटसुलट लिहिले तर बेरीज बदलत नाही, म्हणून नऊच्या ताळ्याला ही चूक दिसतच नाही. हिशेबनीस हीच गोष्ट उलटी वापरतात: बेरजा जुळत नसतील आणि फरकाला नऊने भाग जात असेल, तर कुठे दोन अंक अदलाबदल झाले का ते आधी बघतात. इथे दुसरी रीत म्हणजे 389 गुणिले 50 करून, 19,450 मधून तीन चादरींचे 1,167 वजा करणं. उत्तर 18,283. ही रीत 18,823 ला पकडते.

त्या दिवशी मला बोलावंच लागलं नाही. कोणता ताळा कशाला आंधळा आहे, हे बापलेक आपसांत बोलत होते.

माझ्याकडून एकच भर पडली. तिला म्हटलं, प्रश्नात ‘किमान एक’ आहे आणि तू ‘नेमका एक’ वाचलास तर? तिने करून पाहिलं. जोड्या मोजून 10 आल्या. गुणाकाराने 2 गुणिले 1 गुणिले 5, तेही 10. दोन्ही रीती एकमेकींशी जुळल्या आणि दोन्ही चुकल्या, कारण दोघी एकाच चुकीच्या वाचनातून निघाल्या होत्या. शाब्दिक उदाहरणांत हे फार होतं. मुलं मिळालेली उत्तरं स्वतः मांडलेल्या समीकरणात ठेवून पाहतात, ती तिथे बसतातच. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर काय? म्हणून उत्तर समीकरणात नाही, प्रश्नाच्या वाक्यात ठेवून वाचायचं. वय उणे आलं का, मुलगा आईपेक्षा मोठा झाला का, ते लगेच दिसतं.

पालकांना माझं सांगणं एवढंच असतं. परीक्षेत ताळा एकदाच, आणि वेगळ्या वाटेने. वर्गसमीकरणाची मुळं काढली तर त्यांची बेरीज आणि गुणाकार सहगुणकांशी ताडून पाहा; x² − 7x + 12 = 0 ची मुळं 3 आणि 4 असतील तर बेरीज 7, गुणाकार 12, दहा सेकंदांचं काम. जुळलं की पुढचा प्रश्न. जुळलं नाही आणि वेळ नसेल तर खूण करून पुढे. दुसरी रीतही पाच-पाचदा होऊ लागली, किंवा तपासणं वहीतून बाहेर पडून कुलूप, गॅस, दप्तर, हात धुणं यांत शिरलं, रोज तासन्‌तास जाऊ लागले, तर ते गणिताचं दुखणं राहिलेलं नसतं. तेव्हा मी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवते आणि ते उशिरा करू नये असंही सांगते.

भाषणाला शाळेने मलाही बोलावलं होतं. मी मागच्या रांगेत बसले. फाशांचं तिचं चुकलेलं गणित तिने फळ्यावर तसंच्या तसं लिहिलं आणि म्हणाली, “हे मी चारदा तपासलं होतं. एकाच साक्षीदाराला चारदा विचारलं म्हणजे चार साक्षीदार होत नाहीत. मी कॅप्टन आहे म्हणून माझ्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. माझं उत्तर तुमच्या रीतीने काढा. जुळलं, तर माझ्यावरही विश्वास बसेल आणि तुमच्यावरही.”

नववीतल्या एका मुलाने हात वर केला. “ताई, फासे तीन असले तर?”

हे भाषणात नव्हतं. तिने खडू उचलला. एकूण 216, सहा नसलेल्या 5 गुणिले 5 गुणिले 5, म्हणजे 125. राहिल्या 91. मग शेजारी दुसरी रीत: प्रत्येक फाशाच्या 36, तिघांच्या मिळून 108. दोन-दोन फाशांवर सहा असलेल्या दुहेरी आल्या, त्या तीन वेळा 6, म्हणजे 18 वजा. उरल्या 90.

सभागृह शांत झालं. एका बाजूला 91, दुसऱ्या बाजूला 90. माझ्या शेजारी तिचे वडील खुर्चीच्या कडेवर आले होते.

“जुळत नाही,” ती मोठ्याने म्हणाली. “थांबा, एकचाच फरक आहे.” आणि आमच्याकडे पाठ करून तिने सावकाश लिहिलं: सहा, सहा, सहा. “ही तीनदा मोजली, मग तीनदा वजा केली. उरलीच नाही बिचारी. हिला एकदा परत घ्या.”