एका ‘होतो’वर तिन्ही पद्धतींची परीक्षा

प्रश्न: मी यंदापासून मराठी माध्यमाच्या शाळेत आठवीला इंग्रजी शिकवते. वर्गात 56 मुलं आहेत. बी.एड.ला व्याकरण-भाषांतर, प्रत्यक्ष आणि संप्रेषणात्मक अशा तिन्ही पद्धती पाठ केल्या, पण खऱ्या वर्गात यातली कोणती चालते? आमचे मुख्याध्यापक म्हणतात, इंग्रजीच्या तासाला मराठीचा एक शब्दही नको.

उत्तर:

उद्याच्या तासाला मुलांना एक काम द्या. रविवारी काय केलं ते इंग्रजीत चार ओळींत लिहायला सांगा. वह्या तपासायला घेतल्या की बऱ्याच वह्यांत हे वाक्य भेटेल: ‘येस्टरडे आय हॅड गॉन टू माय मामाज हाउस.’ मी बावीस वर्षं तालुक्याच्या गावात इंग्रजी शिकवते आहे आणि ही चूक मला दरवर्षी, प्रत्येक तुकडीत भेटली आहे. तिन्ही पद्धतींचं बळ आणि उणीव या एका चुकीवर इतकी स्वच्छ दिसते, की बाकी सगळं बाजूला ठेवून तिच्याबद्दलच लिहिते.

चूक येते कुठून? मूल मनात म्हणतं, ‘काल मी मामाकडे गेलो होतो.’ मराठीत हे वाक्य अगदी बरोबर आहे. गेलो म्हणजे वेंट, होतो म्हणजे हॅड, म्हणून गेलो होतो म्हणजे हॅड गॉन, हे समीकरण त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. ते आपणच बसवलेलं असतं. मराठी व्याकरणात ‘गेलो होतो’ला पूर्ण भूतकाळ म्हणतात, इंग्रजीत ‘हॅड गॉन’ला पास्ट परफेक्ट. दोन्ही नावांचा अर्थ एकच, म्हणून फळ्यावर दोन्ही एकाच रांगेत लिहिली जातात. पण त्यांची कामं वेगळी आहेत. इंग्रजीतला हॅड भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधीची कुठली ते दाखवतो. मराठीतला होतो तेही करतो, आणि त्याशिवाय ‘जाऊन आलो, ती गोष्ट आता संपली’ एवढंच सांगायलाही येतो. ‘काल मामाकडे गेलो होतो’मध्ये दुसरी घटना मुळात नाहीच.

म्हणजे ही चूक व्याकरण-भाषांतर पद्धतीचं अपत्य आहे. ही पद्धत एकोणिसाव्या शतकात जर्मन शाळांमध्ये रुजली. लॅटिन आणि ग्रीक ग्रंथ वाचता यावेत हा तिचा हेतू होता, त्या भाषांत बाजारहाट करणं हा नव्हता. नियम सांगायचा, तक्ता पाठ करून घ्यायचा, सुटी वाक्यं इकडून तिकडे न्यायची. आपल्याकडे संस्कृत आपण असंच शिकलो, आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी शिकून घेतलं. त्या पिढ्यांना वाचता उत्तम येत होतं, हे विसरून चालणार नाही. पण सुट्या वाक्यांचा एक धोका असतो: ‘तो गेला होता’ या वाक्याच्या मागेपुढे काहीच नसतं, म्हणून होता कोणत्या कामाचा आहे हे मुलाला कळायला वावच राहत नाही. ते डोळे मिटून हॅड लिहितं, आणि त्या वाक्यापुरतं बरोबरही ठरतं.

मग प्रत्यक्ष पद्धती. मॅक्सिमिलियन बर्लिट्झने 1878 मध्ये अमेरिकेत प्रॉव्हिडन्स इथे शाळा काढली. त्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल: फ्रेंच शिकवायला ठेवलेल्या मदतनिसाला इंग्रजी येतच नव्हतं, बर्लिट्झ आजारी पडला, आणि बरा होऊन वर्गात आला तेव्हा विद्यार्थी फ्रेंचमध्ये गप्पा मारत होते. तुमचे मुख्याध्यापक जे म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. फक्त बर्लिट्झकडे हौसेने पैसे भरून येणारी मोजकी माणसं होती. तुमच्याकडे 56 मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास आहे.

तरीही या पद्धतीतलं एक मी दरवर्षी करते. एखाद्या मुलाला, समजा सागरला, वर्गाबाहेर पाठवते. तो बाहेर असताना त्याची कंपासपेटी उचलून कपाटात ठेवते. वर्ग श्वास रोखून बघत असतो. सागर आत येतो, दप्तर चाचपतो, इकडेतिकडे बघतो. मी वर्गाला विचारते, ‘व्हेन सागर केम इन, व्हेअर वॉज द बॉक्स?’ आणि मग फळ्यावर लिहिते: ‘व्हेन सागर केम इन, टीचर हॅड हिडन द बॉक्स.’ हॅड कशासाठी आहे हे त्या क्षणी मराठीचा एकही शब्द न उच्चारता सगळ्यांना कळलेलं असतं. समोर घडलेल्या गोष्टीतून कळण्याची ही ताकद तक्त्यात नाही. मुलांच्या कानावर अख्खी इंग्रजी वाक्यं पडतात, हा दुसरा फायदा.

आणि तोच सागर दुसऱ्या दिवशी वहीत लिहितो, ‘येस्टरडे आय हॅड गॉन.’ कारण आम्ही हॅड कुठे येतो ते दाखवलं, कुठे येत नाही ते दाखवलंच नाही. तोंडाने मराठी बंद केली म्हणून डोक्यातली बंद होत नाही. मूल मनात भाषांतर करतच राहतं, फक्त ते आता तुम्हाला दिसत नाही, म्हणून दुरुस्तही करता येत नाही. मराठीवर संपूर्ण बंदी घालायला माझा विरोध आहे तो एवढ्यासाठीच.

संप्रेषणात्मक पद्धतीत मी स्वतः जास्त चुकले. हा विचार 1970 च्या दशकात युरोपात जोर धरू लागला: भाषा वापरूनच भाषा येते, म्हणून मुलांना बोलायला कारण द्या. मी जोड्या पाडल्या, ‘काल काय केलंस ते शेजाऱ्याला इंग्रजीत विचार’ म्हणून सांगितलं. पाच मिनिटांत वर्गाचा बाजार झाला आणि निम्मा बाजार मराठीत. पण गोंगाट ही खरी अडचण नव्हती. एक मुलगा म्हणाला ‘आय हॅड गॉन टू मामा’, शेजाऱ्याला नीट कळलं, त्याने ‘मी टू’ म्हटलं आणि पुढे गेले. संवाद यशस्वी झाला! जी चूक समजण्याच्या आड येत नाही, ती नुसत्या बोलण्याने सुटत नाही. उलट दोघांचीही मराठी एकच असल्यामुळे ती दोघांना बरोबर वाटते आणि घट्ट होते.

इथे मला एन. एस. प्रभूंच्या कामाने वाट दाखवली. ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयात असताना त्यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या साध्या शाळांत एक प्रयोग चालवला, तो बंगळूर प्रकल्प म्हणून ओळखला जातो. नियम शिकवायचा नाही, मुलांना विचार करायला लावणारं कोडं द्यायचं: वेळापत्रक, नकाशा, हिशेब. आधी तसंच एक कोडं शिक्षकाने अख्ख्या वर्गाबरोबर फळ्यावर सोडवायचं, मग दुसरं प्रत्येकाने एकट्याने. गटकामावर त्यांचा भर नव्हता. मुलं एकमेकांचं मोडकं इंग्रजी ऐकत राहिली तर तेच पक्कं होईल, ही भीती त्यांना होती. बी.एड.ला ‘संप्रेषणात्मक म्हणजे गट पाडा’ असं ऐकलेल्या मला हे वाचून फार मोकळं वाटलं.

तेव्हापासून मी एसटीचं कोडं देते. फळ्यावर: कोल्हापूरची गाडी 7:10 ला सुटते. शिंदे कुटुंब 7:10 ला स्टँडवर पोहोचलं, पवार कुटुंब 7:25 ला. खाली दोन डायऱ्यांतली एकेक ओळ. पहिलीत ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस लेफ्ट.’ दुसरीत ‘व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ कुठली डायरी कोणाची? गाडी निघताना कोणी पाहिली? इथे हॅड हा शोभेचा नाही. तो कळला नाही तर उत्तर चुकतं. मुलं भांडतात, फळ्याशी येऊन बोट ठेवतात. मग दवाखान्याचं किंवा दुकानाचं तसंच दुसरं कोडं ज्याने त्याने वहीत सोडवायचं, आणि गुण उत्तराला द्यायचे.

एवढं झाल्यावर, शेवटच्या पाच मिनिटांत, मी मराठीत येते. फळ्यावर दोन वाक्यं लिहिते: ‘काल मी मामाकडे गेलो होतो.’ ‘मी पोहोचलो तेव्हा मामा शेतात गेला होता.’ पहिल्यातला ‘होतो’ हाताने झाकते आणि विचारते, आता अर्थ काय बदलला? कोणीतरी हमखास म्हणतं, ‘बाई, नुसतं गेलो म्हटलं की परत आलो का ते कळत नाही.’ हे ज्ञान त्या मुलाकडे आधीपासून आहे, कुणी शिकवलेलं नाही. मग मी एवढंच सांगते: ‘परत आलो’ हे सांगायला इंग्रजीला हॅड लागत नाही, म्हणून तिथे ‘आय वेंट’. दुसऱ्या वाक्यात दोन घटना आहेत, मामा आधी गेला, म्हणून तिथे हॅड. ही तुलना आठवीच्या मुलाला इंग्रजीतून समजावून बघा, पूर्ण तास जाईल आणि शेवटी कळणार नाही. ज्या भाषांतराने चूक जन्माला घातली तेच तिचं औषध आहे, फक्त ते सुट्या वाक्यांच्या रांगेऐवजी दोन वाक्यांच्या तुलनेतून द्यायचं आणि अनुभवानंतर द्यायचं.

म्हणून माझा क्रम असा: पहिल्या दिवशी कंपासपेटी, दुसऱ्या दिवशी एसटी, आणि त्याच तासाच्या शेवटी पाच मिनिटं मराठी. मुख्याध्यापकांना त्या दुसऱ्या तासाला मागच्या बाकावर बसायला बोलवा. अर्धा तास इंग्रजी ऐकल्यावर शेवटची पाच मिनिटं त्यांना खटकणार नाहीत, असा माझा अनुभव आहे. (कागदोपत्री आपल्या माध्यमात इंग्रजी तृतीय भाषा आहे, हेही त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडतं. घरात, गल्लीत जी ऐकू येत नाही ती भाषा पहिल्या भाषेसारखी नुसती कानांवर पडून येईल ही अपेक्षा आठवड्याच्या मोजक्या तासांत पुरी होत नाही.)

फरक पडला का ते गाळलेल्या जागा देऊन तपासू नका. तिथे मुलं सावध असतात आणि सगळी बरोबर भरतात. तीन आठवडे जाऊ द्या आणि काही न सांगता पुन्हा रविवारच्या चार ओळी लिहून घ्या. त्यात एक वेगळी चूक दिसेल, तिच्याकडे लक्ष असू द्या: काही मुलं धसका घेऊन हॅड सगळीकडूनच काढून टाकतात आणि लिहितात, ‘व्हेन आय रीच्ड, माय मामा वेंट टू द फील्ड.’ म्हणजे भाचा दारात आला आणि मामा उठून शेतात गेला. अशा मुलाला नियम परत सांगू नका. त्याला विचारा, ‘डिड यू सी युअर मामा?’ तो ‘नो’ म्हणाला की त्याचंच वाक्य त्याच्यापुढे धरा आणि थांबा. बहुतेक वेळा तो स्वतःच पेन उचलतो.