आदल्या दिवशीचे १२ म्हणजे कुठले १२?

चि. मेस प्रतिनिधीस,
अनेक आशीर्वाद.

वॉर्डन मॅडमना पाठवायच्या पत्राचा मसुदा आणि सूचनाफलकाचे चारही फोटो काल रात्री बघितले. मॅडमनी तुला एवढंच सांगितलं होतं: "नवे नियम मुद्द्यांत लिहून माझ्याकडे पाठव, मी बघते, मग मुलींच्या ग्रुपवर टाक." तू दीड पान लिहिलंस. त्यात नियम आहेत, तीन शंका आहेत, आणि मधे पोळ्या कच्च्या असतात ही तक्रारही येऊन गेली आहे. तक्रार खरी असेलही, पण ती वेगळ्या कागदावर. मी सहा वर्षं रेक्टरचं काम केलंय, त्यावरून सांगते, एका पत्रात तक्रार आणि विचारणा दोन्ही असल्या की उत्तर तक्रारीला मिळतं, विचारणा तशीच राहते.

आधी फोटोंबद्दल. फलकाला काच आहे आणि समोर ट्यूबलाइट, म्हणून तुझ्या दुसऱ्या फोटोत मधोमध पांढरा पट्टा आलाय. काचेवरच्या कागदाचा फोटो जरा बाजूला सरकून काढायचा, फ्लॅश बंद ठेवून. एक फोटो पूर्ण कागदाचा, वरची तारीख आणि खालची सही दिसेल असा. मग जवळून दोन-तीन, आणि प्रत्येकात आधीच्या फोटोतली शेवटची ओळ पुन्हा यायला हवी. तुझ्या तिसऱ्या फोटोत खालची 'टीप' अर्धी कापली गेली आणि तिथेच तुझी एक शंका जन्माला आली.

म्हणजे असं. तुझ्या तीन शंकांपैकी पहिली, रविवारचा नाश्ता ९.२० ला संपतो की ९.३० ला. ही शंका नियमात नाही, काचेवरच्या उजेडात आहे. धूसर फोटोत २ आणि ३ सारखेच दिसतात. खाली जाऊन फलक वाचलास की संपलं. (मीच तुझ्या चौथ्या फोटोत मोठं करून पाहिलं, ९.३० आहे. तरी एकदा बघून ये.) दुसरी शंका, आजारी मुलीच्या डब्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते का. त्याचं उत्तर त्या कापलेल्या टीपेत आहे: वॉर्डनची चिठ्ठी पुरते. या दोन शंका मॅडमना विचारल्या असत्यास तर त्यांनी मनात म्हटलं असतं, हिने नीट वाचलेलं नाही. आणि मग तिसरीकडेही त्याच नजरेने पाहिलं असतं.

तिसरी मात्र अस्सल आहे. नियम ५: "खाड्याची नोंद आदल्या दिवशी १२ वाजेपर्यंत वहीत करावी." फोटो स्वच्छ आहे, अक्षर टाइप केलेलं आहे, आणि तरीही कळत नाही. दुपारचे १२ की रात्रीचे? बाकी सगळ्या वेळांआधी 'सकाळी', 'दुपारी', 'रात्री' लिहिलंय, नेमकं इथेच राहून गेलं. ७ किंवा ९ असते तर संदर्भावरून भागलं असतं. १२ ला तसं होत नाही, कारण दोन्ही १२ चालण्यासारखे आहेत. रात्रीच्या १२ ला तर आणखी एक गाठ आहे. तिथे तारीखच बदलते. रेल्वेचं ००.१० चं तिकीट असलं की आदल्या रात्रीच स्टेशनवर पोचायचं असतं, आणि तारीख बघून माणसं बरोब्बर एक दिवस उशिरा जातात, तोच घोळ.

तू लिहिलंस, "मला वाटतं दुपारचेच असणार." मलाही वाटतं. वही मेसच्या काउंटरवर असते आणि रात्रीचं जेवण ९.३० ला संपलं की काउंटर बंद, मग रात्री १२ ला कोण नोंद करणार? शिवाय उद्याची भाजी किती आणायची आणि कणीक किती मळायची, हे मेसवाल्यांना आधी कळायला हवं. पण हा आपला तर्क झाला. मुद्द्यांच्या यादीत तू स्वतःहून 'दुपारी' शब्द घातलास आणि यादी ग्रुपवर गेली, की तो नियम होऊन बसतो, तोही तुझ्या नावावर. यादीत फलकावरचे शब्द जसेच्या तसे ठेव आणि शंका खाली वेगळी लिही.

ही वेळ इतकी महत्त्वाची का, ते पत्रात एका उदाहरणाने दाखव, कारण नुसतं "स्पष्ट करावे" म्हटलं की ती बारीक बाब वाटते. तूच हिशेब करून बघ. एक मुलगी गुरुवारी सकाळच्या एसटीने गावी जाणार आणि रविवारी परतणार. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असा तीन दिवसांचा खाडा. तिने बुधवारी रात्री आठला जेवायला आल्यावर वहीत नोंद केली. रात्रीचे १२ धरले तर नोंद वेळेत आहे, तीन दिवसांचे ११० प्रमाणे ३३० रुपये बिलातून कमी. दुपारचे १२ धरले तर गुरुवार हातचा गेला, नोंद शुक्रवारपासून लागू. उरले दोन दिवस. आणि नियम ४ म्हणतो, सलग किमान ३ दिवस असतील तरच वजावट. म्हणजे एका दिवसाचं नुकसान नाही, तिन्ही दिवसांचे पैसे गेले. दोन नियम एकमेकांना कसे अडकलेत हे मॅडमच्याही लक्षात आलं नसण्याची शक्यता आहे, कारण पूर्वी तोंडी सांगितलेलं चालायचं, त्यामुळे ही वेळ आली नव्हती.

मुद्दे काढताना तुझा हात एके ठिकाणी सैल सुटलाय. तू लिहिलंस, "३ दिवसांचा खाडा मिळेल." मूळ नियमात 'सलग' आहे, 'किमान' आहे आणि 'तरच' आहे. हे तीन शब्द गेले की नियमच गेला. सोमवार, बुधवार, शुक्रवार जेवली नाही तरी चालेल असं कुणीतरी वाचणार आणि महिन्याच्या बिलाच्या वेळी तुझ्याशी भांडणार. थोडक्यात लिहिताना प्रस्तावना, 'सर्व विद्यार्थिनींना कळविण्यात येते की' वगैरे खुशाल काढ. आकडे आणि हे छोटे शब्द यांना हात लावू नकोस. 'पर्यंत' आणि 'आधी' हेही त्यातलेच.

आणखी एक. दहाच्या दहा नियम लिहायची गरज नाही. ताट खोलीवर न्यायचं नाही, हे कालही होतं आणि आजही आहे. बदललेले नियम लिही, शेजारी पूर्वी काय होतं ते लिही आणि फलकावरचा नियम क्रमांक दे. मॅडम मूळ कागद शेजारी धरून पडताळतील तेव्हा त्यांना शोधत बसावं लागू नये.

मी जुळवलेलं पत्र असं आहे. तुझीच वाक्यं बरीच ठेवली आहेत.

प्रति,
मा. वॉर्डन मॅडम,
मुलींचे वसतिगृह.

विषय: मेसच्या सुधारित नियमांचे मुद्दे आणि नियम ५ मधील वेळेबाबत विचारणा.

संदर्भ: मेसच्या फलकावर दि. २४ रोजी लावलेले सुधारित नियम (१ तारखेपासून लागू).

महोदया,
आपण सांगितल्याप्रमाणे सुधारित नियमांतील बदल मुद्द्यांत लिहून पाठवत आहे. आपण पाहिल्यावरच ग्रुपवर टाकेन.

नियम १: रविवारी नाश्ता सकाळी ८.०० ते ९.३०. (पूर्वी ९.०० पर्यंत.)
नियम ४: सलग किमान ३ दिवस खाडा असेल तरच बिलातून वजावट. (पूर्वी २ दिवस.)
नियम ५: खाड्याची नोंद आदल्या दिवशी १२ वाजेपर्यंत वहीत करावी. (पूर्वी तोंडी सांगितलेले चालत असे.)
नियम ६: एका महिन्यात जास्तीत जास्त ८ दिवसांची वजावट. (पूर्वी मर्यादा नव्हती.)
नियम ८: पाहुण्यांचे कूपन जेवणाआधी घ्यावे, एका ताटाचे ७० रु. (पूर्वी ६० रु.)
नियम ९: आजारी विद्यार्थिनीला खोलीवर डबा, वॉर्डनच्या चिठ्ठीवर. (पूर्वी सोय नव्हती.)
बाकीचे नियम पूर्वीप्रमाणेच आहेत.

विचारणा: नियम ५ मधील १२ म्हणजे दुपारचे की रात्रीचे? गुरुवार ते शनिवार गावी जाणाऱ्या मुलीने बुधवारी रात्री ८ ला नोंद केली आणि वेळ दुपारची असली, तर तिचे दोनच दिवस धरले जातील आणि नियम ४ मुळे वजावट मिळणार नाही. १ तारखेआधी कळवल्यास सर्वांना सांगता येईल.

आपली विश्वासू,
मेस प्रतिनिधी, दुसरा मजला

सहपत्र: फलकाचे फोटो २.

फोटो दोनच जोड, एक पूर्ण कागदाचा आणि एक नियम ४-५ जवळून दिसतील असा. 'सहपत्र' लिहायला विसरू नकोस, नाहीतर ऑफिसातल्या प्रिंटमधून फोटो गळले तर कुणाला कळणारही नाही. 'आपण नेहमीच आमच्या अडचणी समजून घेता' हे तुझं वाक्य मी काढलंय. मॅडम वाईट वाटून घेणार नाहीत.

पत्र विचारणेचं आहे, मागणीचं नाही, हेही सांभाळ. "रात्री १२ च ठेवावे" असं तुला मनातून वाटत असेल, कारण दुपारी १२ ला तुम्ही सगळ्या लेक्चरमध्ये असता. तो मुद्दा रास्त आहे. पण आधी नियम काय आहे ते कळू दे. दुपारचे निघाले तर मग वेगळा अर्ज कर, आणि त्यात काउंटर ९.३० पर्यंत उघडा असतो, तर नोंदही तोवर घ्यावी, अशी जमण्यासारखी गोष्ट माग.

मॅडम बहुधा लेखी उत्तर देणार नाहीत. जिन्यात भेटल्यावर "अगं, दुपारचे" एवढं म्हणतील. चालेल. त्याच दिवशी त्यांना दोन ओळी पाठव: "आज सांगितल्याप्रमाणे नियम ५ मधील वेळ दुपारी १२ अशी धरून मुद्दे ग्रुपवर टाकत आहे." मी एकदा गेटच्या वेळेबाबत अशीच तोंडी दुरुस्ती केली होती आणि महिन्याभराने मीच काय बोलले ते मला आठवेना. दोन मुली गेटबाहेर उभ्या, वॉचमन एक सांगतोय, त्या दुसरं. चूक माझी होती.

आणि मॅडमना विचारून फलकावरच्या कागदावरही १२ च्या आधी पेनाने 'दुपारी' लिहून त्यांची छोटी सही घे. ग्रुपवरचं वाचायचं राहून गेलेल्या मुली वहीपाशी उभ्या राहून तोच कागद वाचणार आहेत.

तुझी,
जुनी रेक्टर मॅडम