आजूबाजूच्या केंद्रांचा अभ्यास: वजनकाटा, रांग आणि भाकरी

प्रश्न: मला ठाण्यात पोळी-भाजी केंद्र सुरू करायचे आहे. आमच्या भागात अशी चार-पाच केंद्रे आधीपासून आहेत. त्यांचा अभ्यास नेमका कसा करावा? आणि गिऱ्हाईक म्हणून त्यांच्याकडे जाऊन माहिती काढणे अप्रामाणिकपणाचे ठरेल का?

उत्तर:

मी डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, जाऊबाईंसोबत असेच एक केंद्र चालवते. सुरू करण्यापूर्वी आम्ही दोघींनी सुमारे दीड महिना आजूबाजूच्या तीन केंद्रांचा अभ्यास केला होता.

तुमच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर आधी देते. दुकान सर्वांसाठी उघडे आहे, फलकावर दर लिहिलेले आहेत आणि तुम्ही पूर्ण पैसे देऊन माल घेत आहात, तोपर्यंत त्यात लपवण्यासारखे काही नाही. गडबड सुरू होते ती खोटे बोलून समोरच्याकडून असे काही काढून घेताना, जे खरे सांगितले असते तर त्याने दिले नसते. ही चूक मी केलेली आहे. घाऊक दर कळावा म्हणून मी एका केंद्रात फोन करून ‘वास्तुशांत आहे, पन्नास पोळ्या लागतील’ असे सांगितले. दर कळला आणि मी फोन ठेवून मोकळी झाले. दुसऱ्या दिवशी रांगेत उभी असताना तिथल्या काकू कोणाला तरी सांगत होत्या, की पन्नास पोळ्यांच्या आशेवर त्यांनी एका ताईंना जादा वेळ थांबायला सांगून ठेवले होते. मी तिथेच त्यांना खरे सांगितले आणि त्या वेळेचे पैसे देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, पण पुढचे काही महिने त्या माझ्याशी बोलल्याही नाहीत. त्यानंतर आम्ही स्वतःला बंधने घालून घेतली. खोटी मागणी नोंदवायची नाही, दुसऱ्याच्या कामगारांना मसाल्याचे प्रमाण किंवा पगार विचारायचा नाही, आत डोकावून फोटो काढायचे नाहीत आणि कोणी विचारलेच तर ‘आम्हीही केंद्र काढणार आहोत’ असे सरळ सांगायचे.

आता दरांविषयी. फलकावरच्या दरांची तुलना ही या धंद्यातली सर्वांत फसवी तुलना आहे, कारण ‘एक पोळी’ हे काही माप नव्हे. आम्ही प्रत्येक केंद्रातून वेगवेगळ्या चार दिवशी सहा पोळ्या आणि एक भाजी घेतली, घरी आणून पोळ्या गार होऊ दिल्या आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तोलल्या. चार दिवस अशासाठी की लाटणारा हात बदलला की वजनही बदलते. पहिल्या केंद्रात पोळी 10 रुपयांना होती आणि तिचे वजन सरासरी 34 ग्रॅम भरले. दुसऱ्या केंद्रात ती 12 रुपयांना होती, पण वजन 46 ग्रॅम होते. दोघांच्या घरासाठी दुसऱ्या केंद्रातून सहा पोळ्या आणि 50 रुपयांची भाजी घेतली तर 122 रुपये होतात. पहिल्या केंद्रात तेवढ्याच पोळ्या आणि 40 रुपयांची भाजी घेतली तर 100 रुपयेच लागतात, म्हणजे ते स्वस्त वाटते. परंतु तिथे तेवढेच पोट भरायचे असेल तर सहांऐवजी आठ पोळ्या घ्याव्या लागतात आणि हिशेब 120 रुपयांवर जातो. फलकावर 22 रुपयांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात दोन रुपयांचा निघाला. हे तोलून पाहिले नसते तर 9 रुपयांची पोळी काढून मी पहिल्या महिन्यातच तोट्यात गेले असते.

भाजीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. रस्साभाजीचा डबा जड लागतो, पण ते वजन पाण्याचे असते. आम्ही भाजी गाळणीत निथळून फोडींचे वेगळे वजन केले, तेव्हा पहिल्या केंद्रातल्या 180 ग्रॅम भाजीत फोडी 95 ग्रॅमच होत्या. दुसऱ्याची भाजी सुकी होती, त्यामुळे तिथे असा प्रश्नच नव्हता. त्याचप्रमाणे, घरपोच मागवण्याच्या ॲपवरचे दर आणि दुकानातले दर एकाच वहीत लिहू नका. ॲपचे कमिशन भरून काढण्यासाठी बरेच जण तिथले दर चढे ठेवतात, आणि ते गृहीत धरून तुम्ही दुकानातला दर ठरवलात तर फसाल.

भेटीची वेळ दरांइतकीच महत्त्वाची असते. डोंबिवलीत संध्याकाळची गर्दी सलग नसते. जलद लोकल आली की दहा मिनिटांत लोंढा येतो आणि मग शांतता. त्यामुळे दुपारी चार वाजता जाऊन ‘इथे काही गिऱ्हाईक नाही’ असा निष्कर्ष काढणे व्यर्थ आहे. आम्ही सव्वासात ते पावणेनऊ या वेळेत, तीन साधे दिवस, एक रविवार आणि एक संकष्टी असे जाऊन आलो. रांगेत उभे राहिल्यावर कोणी काय घेतले यापेक्षा कोणाला काय मिळाले नाही, हे मी लक्षपूर्वक ऐकत असे. त्यांपैकी चार संध्याकाळी मिळून 11 जणांनी ज्वारीची भाकरी विचारली आणि ‘संपली’ किंवा ‘ठेवत नाही’ हे उत्तर ऐकून ते पोळ्या घेऊन किंवा रिकाम्या हाताने परत गेले. विकला गेलेला माल कोणालाही दिसतो. न मिळालेल्या मालाची नोंद मात्र दुकानदारही ठेवत नाही.

गिऱ्हाइकांनी ऑनलाइन लिहिलेली परीक्षणे वाचताना मी पाच तारे आणि एक तारा ही दोन्ही टोके बाजूला ठेवली. पाच ताऱ्यांत नातेवाईक असतात आणि एका ताऱ्यात त्या दिवशीचा राग असतो. खरी माहिती तीन ताऱ्यांत सापडते, कारण तिथे माणूस ‘चव चांगली, पण’ असे लिहितो आणि आपल्याला हवे असते ते त्या ‘पण’च्या पुढे असते. नवीन परीक्षणे आधी लावून मी फक्त मागच्या वर्षभरातली वाचली, कारण आचारी बदलला की जुनी तक्रार निरर्थक होते. प्रत्येक तक्रार वहीत तेल, प्रमाण, वाट पाहणे आणि न मिळणे अशा चार रकान्यांत टाकली. तिन्ही केंद्रांची मिळून साधारण साठ परीक्षणे झाली, त्यांपैकी सात जणांनी भाकरी न मिळाल्याचे लिहिले होते. रांगेत ऐकलेली गोष्ट परीक्षणांतही आली, म्हणून मी ती खरी मानली. एकाच ठिकाणी दिसलेल्या गोष्टीवर पैसे घालू नयेत. आणि एक विनंती: त्या तक्रारींखाली ‘आमच्याकडे या’ असे लिहून आपला फोन नंबर टाकू नका, आणि ओळखीच्यांकडून दुसऱ्याला एक तारा द्यायला तर मुळीच सांगू नका.

रिकामी जागा सापडली म्हणजे ती भरावीच असे नाही. आधी स्वतःला विचारायचे, की इतकी वर्षे धंदा करणाऱ्यांनी ती रिकामी का ठेवली असेल? आमच्या भागात रात्री नऊनंतर एकही केंद्र उघडे नव्हते आणि आम्हाला ती मोठीच संधी वाटली. नंतर लक्षात आले, की पोळ्या लाटणाऱ्या ताईंना इतक्या उशिरा घरी परतणे परवडत नाही आणि आमच्याकडेही कोणी थांबायला तयार होईना. तो विचार सोडला. अपवाद फक्त संकष्टीचा. त्या दिवशी लोक चंद्रोदय होईपर्यंत जेवत नाहीत आणि तोवर बहुतेक केंद्रे बंद झालेली असतात. महिन्यातून एक दिवस जास्त थांबणे आम्हाला जमते.

भाकरीचा हिशेब मात्र मांडून पाहण्यासारखा निघाला. एका भाकरीला 80 ग्रॅम पीठ लागते, म्हणजे त्या वेळच्या 60 रुपये किलोच्या भावाने सुमारे पाच रुपये. पोळीची कणीक एकदम भिजवून ठेवता येते, तशी भाकरी येत नाही. प्रत्येक गोळा वेगळा मळावा लागतो. त्यामुळे आमच्या ताईंच्या हातून तासाला 60 पोळ्या होतात, पण भाकऱ्या 24 च. त्यांना तासाला 120 रुपये देत होतो, म्हणजे भाकरीमागे मजुरी पाच रुपये. गॅस आणि कागद धरून खर्च 12 रुपयांवर गेला. भाकरी 20 रुपयांना विकली तर आठ रुपये सुटतात, म्हणजे तासाला 192 रुपये. त्याच तासात पोळ्या लाटल्या तर पोळीमागे सहा रुपये धरून 360 रुपये सुटतात. इतर केंद्रे भाकरी का टाळतात, हे इथे उलगडले. त्यात आळस किंवा अज्ञान नव्हते. ऐन गर्दीत भाकरीचा तवा ठेवणे खरोखरच परवडत नाही. शिवाय पीठ जुने झाले की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरते आणि तो माल वाया जातो.

म्हणून आम्ही भाकरी गर्दीच्या वेळेबाहेर नेली. दुपारी चारपर्यंत मागणी नोंदवायची, आणि सहा ते सव्वासात या वेळात, जेव्हा ताई तशाही पहिल्या लोंढ्याची वाट पाहत बसलेल्या असतात, तेव्हा भाकऱ्या करून कापडात गुंडाळून ठेवायच्या. चौदा दिवस हा प्रयोग केला. रोज सरासरी 11 घरांनी मिळून 26 भाकऱ्या घेतल्या आणि त्यांपैकी आठ घरांनी सोबत भाजी किंवा पिठलेही नेले. भाकरीचे 208 आणि भाजीमागे सुटणारे 18 रुपये धरून आणखी 144, असे साडेतीनशेच्या आसपास रुपये अशा वेळात सुटू लागले, ज्यात पूर्वी जवळजवळ काहीच होत नव्हते. पीठ रोज लागेल तेवढेच गिरणीतून दळून आणतो.

या पद्धतीची एक मर्यादा ध्यानात ठेवा. रांगेत आणि परीक्षणांत फक्त तेच लोक सापडतात, जे केंद्रात जातात. घरी डबा लावणारे किंवा बाहेरची पोळी खातच नाहीत असे लोक या वहीत येत नाहीत; त्यांच्याशी आपल्या इमारतीत, बसथांब्यावर प्रत्यक्ष बोलावे लागते.

ओळख वाढली की शेजारचा केंद्रचालक कधीतरी ‘आपण सगळे मिळून पोळीचा एकच दर ठेवू या’ असे सुचवतो. आम्हालाही तसे सुचवले गेले होते. स्पर्धकांनी आपसांत दर ठरवून घ्यायला 2002 च्या स्पर्धा कायद्याच्या तिसऱ्या कलमाने मनाई आहे, म्हणून आम्ही नम्रपणे नकार दिला. फलकावरचा दर वाचून आपला आपण ठरवणे वेगळे आणि बसून ठरवणे वेगळे.

आम्ही अजूनही दर तीन महिन्यांनी तिन्ही केंद्रांतून पोळ्या आणून तोलतो, कारण गव्हाचा भाव वाढला की दर तोच राहतो आणि पोळी बारीक होते. मध्यंतरी समोरच्या केंद्रातला मुलगा आमच्याकडून सहा पोळ्या आणि एक भाजी घेऊन गेला. मी त्याला ओळखले होते. पोळ्या वरच्याच ढिगातून, इतरांना देते तशाच दिल्या.