प्रोजेक्टमधल्या जागा कुठे सापडतात आणि त्यांची जाहिरात कशी वाचायची

प्रश्न: एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झालंय, नेट नाही. मोठ्या जॉब पोर्टलवर प्रोफाइल टाकलं की मेडिकल कोडिंग आणि औषध विक्रीचेच फोन येतात. मला संशोधनात किंवा आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेत जायचंय. अशा जागांसाठी वेगळ्या साइट आहेत का? त्यांच्यावर विश्वास ठेवावा का?

उत्तर:

आहेत. तुमच्या विषयासाठी सुरुवात indiabioscience.org च्या जॉब्स विभागापासून करा. तिथे देशभरातल्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांमधल्या जागा येतात आणि विक्रीची भरती मध्ये येत नाही. पण त्या साइटवरून फक्त जागा आहे हे कळतं. अर्ज करण्याआधी संस्थेच्या स्वतःच्या पानावरची मूळ पीडीएफ उघडायचीच.

याचं कारण या जागा तयार कशा होतात त्यात आहे. मी पुण्यात प्रोजेक्टवरच काम करत आलोय आणि आता आमच्या लॅबमध्ये आलेल्या अर्जांची पहिली चाळणी माझ्याकडे असते. एखाद्या शास्त्रज्ञाला डीबीटी, आयसीएमआर किंवा एएनआरएफकडून (पूर्वीचं सर्ब) प्रकल्प मंजूर होतो आणि त्या मंजुरीत एखाददुसरी जागा असते. पोर्टलवर पैसे भरून जाहिरात द्यायला वेगळी तरतूद नसते. संस्था पानभराची पीडीएफ आपल्या साइटवर टाकते, थोड्या दिवसांची मुदत देते आणि शास्त्रज्ञ ती ओळखीच्यांत फिरवतात. म्हणून मोठ्या पोर्टलवर तुम्हाला यातलं काहीच दिसत नाही. विषयवार साइटवरही ती उशिरा पोहोचू शकते, आणि नंतर निघालेलं शुद्धिपत्रक किंवा वाढवलेली तारीख तिथे येईलच असं नाही. पुण्यातच राहायचं असेल तर आयसर, एनसीसीएस, एनसीएल, एनआयव्ही आणि आघारकर यांची भरतीची पानं बुकमार्क करून आठवड्यातून एकदा स्वतः बघा.

आता जाहिरात. आधी पदाचं नाव बघा. जेआरएफ म्हणजे १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता, पण त्यासाठी नेट, गेट किंवा तशी राष्ट्रीय पातळीवरची परीक्षा लागते. तुम्ही शोधायचं ते 'प्रोजेक्ट असोसिएट-१', 'प्रोजेक्ट असिस्टंट' किंवा 'फील्ड इन्व्हेस्टिगेटर' या नावांनी. काही जाहिरातींत खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की नेटवाला उमेदवार नाही मिळाला तर कमी मानधनावर असोसिएट म्हणून घेऊ. तशी ओळ असेल तर जेआरएफच्या जागेलाही अर्ज करा. नेट 'इसेन्शिअल' खाली आहे की 'डिझायरेबल' खाली, हेही बघा. इसेन्शिअल असेल आणि तशी ओळही नसेल तर अर्ज छाननीतच बाहेर जातो. शास्त्रज्ञाला तुम्ही कितीही आवडलात तरी त्याच्या हातात काही नसतं.

दुसरी गोष्ट बहुतेक जण वाचतच नाहीत, ती म्हणजे प्रकल्पाचा फाइल क्रमांक. समजा, ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन जाहिराती आल्या आहेत. दोन्हींत 'सुरुवातीला एक वर्ष किंवा प्रकल्प संपेपर्यंत' असंच लिहिलंय. एकीचा क्रमांक CRG/2020/ ने सुरू होतो, दुसरीचा CRG/2022/ ने. सर्बचे हे प्रकल्प तीन वर्षांचे असत आणि क्रमांकातलं वर्ष अर्जाचं असतं, मंजुरी त्यानंतर काही महिन्यांनी येते. पहिला प्रकल्प २०२१ च्या सुरुवातीला सुरू झाला असेल तर २०२४ च्या सुरुवातीला संपतो. म्हणजे रुजू होऊन पिपेट हातात बसेपर्यंत तो आटोपलेला असेल. दुसऱ्यात दोन वर्षांहून जास्त काळ उरलाय. मुदतवाढ कधी कधी मिळते, पण तिच्यासोबत पगाराचे नवे पैसे येतातच असं नाही. पहिल्या जागेवरचा आधीचा माणूस सोडून गेला म्हणून ती भरली जात असेल, त्यात गैर काही नाही, पण घर बदलून, डिपॉझिट भरून तिथे जायचं का याचा विचार करायला हवा. प्रकल्प नेमका कधी संपतो हे मुलाखतीत सरळ विचारा. हा प्रश्न कुणालाही खटकत नाही, उलट माणूस समजून आलाय हे कळतं.

अर्जाबद्दल माझ्या बाजूने सांगतो. जाहिरातीत 'डीएनए आयसोलेशन, पीसीआर, सेल कल्चर' असं लिहिलेलं असतं आणि अर्जात 'मॉलिक्युलर टेक्निक्सचं उत्तम ज्ञान' असं येतं. त्यावरून मला काहीच ठरवता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'डिझर्टेशनमध्ये मातीतून जिवाणू वेगळे केले, त्यांचं डीएनए काढलं, १६एस जनुकाचं पीसीआर करून जेलवर तपासलं. सेल कल्चर केलेलं नाही.' शेवटचं वाक्य लिहायला मुलं घाबरतात, पण मी असे अर्ज वरच ठेवतो, कारण काय शिकवावं लागेल ते त्यातून स्पष्ट होतं. सगळं एका पीडीएफमध्ये जोडा आणि मेलच्या विषयात जाहिरातीत दिलेला मजकूर जसाच्या तसा टाका.

आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थांमधल्या कामासाठी डेव्हनेटजॉब्स इंडिया आणि reliefweb.int या दोन साइट बघा. दुसरी संयुक्त राष्ट्रांची मदतकार्य समन्वय यंत्रणा चालवते. तिथल्या बऱ्याच जागा अनुभवी लोकांसाठी असतात, त्यामुळे देश भारत आणि अनुभव ० ते २ वर्षं अशी चाळणी लावूनच बघा. इथे 'कन्सल्टंट' असं पद दिसलं की थांबून वाचा. बहुतेक वेळा त्याचा अर्थ तुम्ही कर्मचारी नाही, पीएफ नाही आणि मानधनातून टीडीएस कापून पैसे मिळणार असा असतो. त्यामुळे त्या आकड्याची तुलना पगाराच्या आकड्याशी करू नका. गडचिरोलीच्या 'सर्च'सारख्या संस्थांच्या जागांसाठी त्यांची स्वतःची साइटही बघत जा.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागांसाठी, लॅब टेक्निशियन वगैरे, यातल्या साइट फारशा उपयोगी नाहीत. त्या जाहिराती जिल्हा परिषदेच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावर भरतीच्या सूचनांत येतात. पण तिथे पात्रता काटेकोर असते. डीएमएलटी मागितलं असेल तर एमएस्सी मायक्रोबायोलॉजी चालेल असं गृहीत धरू नका.

विश्वासाचं म्हणाल तर पहिली तपासणी ही, की तीच जाहिरात संस्थेच्या स्वतःच्या अधिकृत साइटवर सापडते का. सापडली नाही तर संस्थेच्या साइटवरून त्या शास्त्रज्ञाचा मेल घेऊन त्यालाच विचारा, जाहिरातीतल्या पत्त्यावर नको. सरकारी कायम पदांच्या परीक्षेला शुल्क असतं, ते संस्थेच्या अधिकृत पोर्टलवरच भरायचं असतं. प्रोजेक्टच्या जागेसाठी कुणी 'नोंदणी' किंवा 'कागदपत्र पडताळणी' म्हणून एखाद्याच्या खासगी यूपीआयवर पैसे मागितले तर ती जागा खोटी आहे, तिथे कागदपत्रंही पाठवू नका.